प्रस्तावना : भूस्थानिक माहितीसंचाची नोंद

ज्या संग्रहातील प्रत्येक नोंदीला पृथ्वीवरचे एक निश्चित ठिकाण जोडलेले असते, त्याला भूस्थानिक माहितीसंच म्हणतात. विहिरींचे बिंदू, ओढ्यांच्या रेषा, गावांच्या हद्दी असे त्याचे निरनिराळे थर असू शकतात. असा थर संगणकावर उघडला की समोर नकाशा येतो आणि नकाशा समोर आला की पाहणारा त्यावर सहज विश्वास टाकतो. मात्र पडद्यावरचा बिंदू कोणत्या कागदावरून उचलला, तो कागद कोणत्या वर्षीच्या जमिनीचा आहे, त्याचे अक्षांश-रेखांश कोणत्या मोजपट्टीतले आहेत आणि ते किती मीटरपर्यंत खरे मानावेत, हे तो बिंदू स्वतः सांगू शकत नाही. ही उत्तरे संचासोबत लिहून ठेवण्याच्या कामाला मेटाडेटा लिहिणे म्हणतात, आणि स्रोत, दिनांक, निर्देशांक पद्धती, अचूकता व वापराच्या मर्यादा ही त्यातील पाच मुख्य कलमे होत.

या कलमांचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १९११५ क्रमांकाच्या मानकात २००३ पासून उपलब्ध आहे आणि २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. आराखडा हाती असल्यामुळे हे काम फॉर्म भरण्याइतके सोपे वाटते आणि बहुतेक कार्यालयांत ते तसेच उरकले जाते. पाच रकाने सुटे मानून भरले, तर प्रत्येक रकाना वरवर बरोबर दिसूनही सगळी नोंद निरुपयोगी ठरू शकते, कारण ही कलमे एकमेकांतून निघतात : स्रोत कोणता यावरून दिनांक ठरतो, स्रोत आणि दिनांक यांवरून निर्देशांक पद्धती ओळखता येते, त्या पद्धतीतून आजच्या पद्धतीत येताना चूक वाढते, आणि एकूण चूक किती यावर थराचा वापर कुठे थांबवायचा हे ठरते. हा क्रम एकाच उदाहरणातून शेवटपर्यंत नेऊन दाखवणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

उदाहरण इंदापूर परिसराचे घेतले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांपैकी ४७ एन/४ या क्रमांकाचे पत्र १८° ते १८° १५′ उत्तर अक्षांश आणि ७५° ते ७५° १५′ पूर्व रेखांश एवढा भाग व्यापते. इंदापूर शहर आणि भीमेवरचे उजनी धरण ही दोन्ही त्याच चौकोनात येतात. समजा, या पत्राच्या एका जुन्या आवृत्तीवरून विहिरींचा थर तयार करायचा आहे, त्या आवृत्तीचे सर्वेक्षण १९७० च्या दशकाच्या आरंभी झाले होते आणि तिची छपाई त्यानंतर काही वर्षांनी झाली. नकाशा स्कॅन करायचा, त्याच्या चारही कोपऱ्यांवर छापलेल्या अक्षांश-रेखांशांच्या आधारे तो जागेवर बसवायचा आणि प्रत्येक विहिरीच्या चिन्हावर एक बिंदू टाकायचा, अशी ही नेहमीची रीत आहे. नकाशा जागेवर बसवण्याच्या क्रियेला भूसंदर्भन म्हणतात.

स्रोताच्या कलमात पुष्कळदा ‘टोपोशीट’ एवढा एकच शब्द आढळतो, आणि त्यातून पुढच्या वापरकर्त्याला काहीही ठरवता येत नाही. तेथे पत्राचा क्रमांक, आवृत्ती, प्रमाण आणि छपाईचे वर्ष तर हवेच, पण मूळ कागद स्कॅन केला की त्याची छायाप्रत, हेही हवे, कारण छायाप्रतीत कागद ताणला किंवा आकसला गेलेला असतो आणि ती ओढ सगळीकडे सारखी नसते. स्कॅनचे विभेदन, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले, भूसंदर्भनासाठी किती बिंदू वापरले आणि चिन्हाच्या कोणत्या भागावर बिंदू टाकला, या सर्वांची मिळून जी साखळी होते तिला वंशावळ म्हणतात. वंशावळीत वगळलेल्या गोष्टींचीही नोंद आवश्यक आहे. स्थलदर्शक नकाशावर बांधीव आणि कच्च्या विहिरींची चिन्हे निराळी असतात. थर करताना फक्त बांधीव विहिरी घेतल्या असतील आणि तसे लिहिले नसेल, तर एखाद्या वाडीत विहीरच नव्हती असा निष्कर्ष कोणीतरी पुढे काढणार हे नक्की. शिवाय १:५०,००० प्रमाणावर जमिनीवरची प्रत्येक विहीर दाखवता येत नाही, दाट वस्तीत सर्वेक्षकाला निवड करावी लागते; म्हणून या थरातील विहिरींची संख्या ही त्या भागातील विहिरींची गणना नव्हे, हे वाक्य स्रोताच्या कलमातच स्पष्टपणे आले पाहिजे.

दिनांकाच्या बाबतीत उजनी परिसर विशेष बोलका आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाखाली भीमेच्या काठची गावे, शेते आणि त्यांतल्या विहिरी गेल्या. सत्तरीच्या आरंभीच्या सर्वेक्षणात या विहिरी जमिनीवर आहेत, त्यामुळे त्या नकाशावर आहेत आणि त्यावरून केलेल्या थरातही आहेत. अशा थराच्या नोंदीत ‘दिनांक : २०२४’ एवढेच लिहिले, तर ते खोटे नसते, कारण बिंदू त्या वर्षी टाकले गेले, पण वाचणारा त्याचा अर्थ ‘२०२४ मध्ये या ठिकाणी विहीर होती’ असा घेतो आणि तेथे चौकशीला निघालेल्याला जलाशयाचे पाणी दिसते. म्हणून किमान तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात : जमिनीची पाहणी केव्हा झाली, नकाशा केव्हा छापला गेला आणि त्याचे अंकीकरण, म्हणजे कागदावरून संगणकात उतरवण्याचे काम, केव्हा झाले. पहिली तारीख बहुधा नकाशाच्या समासात छापलेली असते, आणि एका पत्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या हंगामांत मोजले गेले असतील तर तसा तपशीलही तेथे मिळतो. समास कापून फक्त नकाशाचा चौकोन स्कॅन करण्याची सवय त्यामुळेच घातक आहे, कारण कात्रीच्या एका फटक्यात दिनांक आणि निर्देशांक पद्धती दोन्ही हरवतात. बुडालेल्या विहिरी थरातून काढून टाकाव्यात की ठेवाव्यात, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्या काढू नयेत, कारण त्या काळाच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्याला त्याच हव्या असतात. मात्र प्रत्येक बिंदूपुढे ‘पाहणीच्या वेळची स्थिती’ असा रकाना असावा आणि थराच्या नावातच पाहणीचा काळ यावा.

सर्वांत जास्त चुका निर्देशांक पद्धतीच्या कलमात होतात आणि त्या सर्वांत उशिरा उघडकीस येतात, त्यामुळे येथे जरा अधिक थांबणे योग्य ठरेल. पृथ्वी नेमक्या गोलाच्या आकाराची नाही. ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे आणि हा आकार गणिताने मांडण्यासाठी लंबगोलाभ, म्हणजे चपटा केलेला गोल, वापरला जातो. कोणता लंबगोलाभ घ्यायचा आणि तो पृथ्वीशी कोणत्या जागी जुळवून धरायचा, या दोन निर्णयांनी मिळून जो संदर्भ बनतो त्याला डेटम म्हणतात. भारताच्या जुन्या नकाशांचा डेटम एव्हरेस्ट लंबगोलाभावर आधारलेला असून त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे आहे. जीपीएस उपकरणे मात्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवर चालतात, ज्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राशी जुळवलेला आहे. एकाच विहिरीला या दोन डेटममध्ये दोन निरनिराळे अक्षांश-रेखांश मिळतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. अंश, मिनिटे आणि सेकंद ही एककेही सारखीच असल्यामुळे नुसत्या आकड्यांकडे पाहून फरक कळत नाही.

हा फरक किती मोठा आहे ते मोजता येते. भारतासाठी प्रसिद्ध झालेल्या स्थानांतराच्या आकड्यांनुसार एव्हरेस्टवरून डब्ल्यूजीएस ८४ वर येताना पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या तीन अक्षांवर अनुक्रमे २९५, ७३६ आणि २५७ मीटर मिळवायचे असतात. इंदापूरच्या अक्षांश-रेखांशांसाठी हे गणित केले, तर एव्हरेस्टचे आकडे जसेच्या तसे डब्ल्यूजीएस ८४ समजून वापरल्यास प्रत्येक विहीर खऱ्या जागेपासून सुमारे १०८ मीटर दक्षिणेला आणि ९६ मीटर पूर्वेला, म्हणजे एकूण सुमारे १४५ मीटर आग्नेयेला सरकते. महाराष्ट्रात भूजलविषयक १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यावर बंधन घातले होते. अशा अंतराचा निवाडा करताना जुन्या विहिरींचा थर १४५ मीटरने सरकलेला असेल आणि नव्या विहिरीची जागा मात्र जीपीएसने घेतलेली असेल, तर ४०० मीटरवरची विहीर मर्यादेबाहेर किंवा ६०० मीटरवरची विहीर मर्यादेच्या आत दिसू शकते, आणि पडद्यावर शंका येण्यासारखे काहीच दिसत नाही.

ही चूक बहुधा एका क्लिकमध्ये होते. थराला निर्देशांक पद्धतीचे नाव चिकटवणे आणि थराचे आकडे एका पद्धतीतून दुसरीत प्रत्यक्ष बदलणे, या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत आकडे तेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. दुसरीत प्रत्येक आकडा गणिताने नवा होतो. ज्या प्रणालीत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात तेथे घाईत पाटी बदलली जाते आणि एव्हरेस्टच्या आकड्यांवर डब्ल्यूजीएस ८४ चे नाव चढते. जीडीएएल या मुक्त साधनसंचात योग्य रूपांतराची आज्ञा पुढीलप्रमाणे असते. येथे `EPSG:4146` हा कल्याणपूर १९७५ या डेटमचा आणि `EPSG:32643` हा डब्ल्यूजीएस ८४ वरील यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ व्या उत्तर पट्ट्याचा संकेतांक आहे.

```
ogr2ogr -s_srs EPSG:4146 -t_srs EPSG:32643 vihiri_utm43.gpkg vihiri.shp
```

या आज्ञेत `-s_srs` मूळ पद्धती सांगते आणि `-t_srs` कोणत्या पद्धतीत जायचे ते सांगते. त्याऐवजी `-a_srs` वापरले तर फक्त पाटी बदलते. मेटाडेटात अंतिम संकेतांक लिहून थांबू नये. मूळ डेटम कोणता होता, तो नकाशाच्या समासातून वाचला की अंदाजाने धरला, आणि रूपांतर कोणत्या स्थानांतर-आकड्यांनी केले, हे तिन्ही लिहावे. आकडे निराळे असतील तर निकालही निराळा येतो. `projinfo -s EPSG:4146 -t EPSG:4326` ही आज्ञा दिली की उपलब्ध रूपांतरे आणि त्यांची अपेक्षित अचूकता पडद्यावर येते. त्यातून निवडलेल्या रूपांतराचे नाव नोंदीत जसेच्या तसे उतरवावे.

प्रक्षेपण, म्हणजे वक्र पृष्ठ सपाट कागदावर मांडण्याची गणिती रीत, हा भाग त्यामानाने सरळ आहे. यूटीएममध्ये पृथ्वी सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत विभागली जाते. ७२° ते ७८° पूर्व हा ४३ वा पट्टा असल्याने इंदापूर, पुणे आणि अमरावती त्यात येतात, तर वर्धा आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात जातात. संपूर्ण राज्याचा थर करताना हा मुद्दा आडवा येतो, एका पत्राच्या थरात येत नाही. इंदापूर पट्ट्याच्या मध्यरेषेला, म्हणजे ७५° पूर्वेला, अगदी लागून असल्यामुळे तेथील यूटीएम आकडे पूर्वेकडे पाच लाखांच्या आणि उत्तरेकडे वीस लाखांच्या आसपास असले पाहिजेत. ते ७५ आणि १८ असे दिसले, तर थर अजून अंशांतच आहे असे समजावे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली असेल, तर इंदापूरच्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतात. ही चूक लगेच दिसते आणि म्हणूनच ती कमी धोकादायक आहे. डेटमची चूक ओळखण्याची खूण अशी की, उपग्रहचित्रावर थर ठेवला असता सगळे बिंदू एकाच दिशेने आणि जवळजवळ सारख्याच अंतराने सरकलेले आढळतात. बिंदू इकडेतिकडे विखुरलेले असतील तर दोष अंकीकरणाचा असतो, आणि एका बाजूला जुळून दुसऱ्या बाजूला सरकणे वाढत गेले तर भूसंदर्भनाचा.

अचूकतेच्या कलमात सर्वाधिक आढळणारा आकडा हा भूसंदर्भन करताना संगणकाने दाखवलेल्या चुकीचा असतो. तो सरासरी वर्गमूळ चुकीचा आकडा असतो, म्हणजे प्रत्येक बिंदूवरच्या चुकीचा वर्ग करून त्यांच्या सरासरीचे काढलेले वर्गमूळ. परंतु तो ज्या बिंदूंवरून नकाशा बसवला त्याच बिंदूंवर मोजलेला असतो, त्यामुळे नकाशा आपल्याच कोपऱ्यांवर किती नीट बसला एवढेच त्यातून कळते. विहीर जमिनीवर कुठे आहे याविषयी तो काहीही सांगत नाही. दोन-तीन मीटरचा हा आकडा ‘अचूकता’ म्हणून लिहिला की थराला त्याच्या कुवतीच्या कितीतरी पट मान मिळतो.

खरा अंदाज साखळीतील प्रत्येक पायरीवरून बांधावा लागतो. १:५०,००० प्रमाणावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर जमिनीवरचे २५ मीटर असतो, आणि छापील चिन्हाची जागा त्याहून काटेकोर धरता येत नाही. अंकीकरण करताना बिंदू चिन्हाच्या मध्यापासून ०.३ मिलिमीटर चुकला तर १५ मीटर होतात. स्थानांतराच्या वर दिलेल्या आकड्यांची स्वतःची अनिश्चितता तीन अक्षांवर १२, १० आणि १५ मीटर, म्हणजे एकत्रित सुमारे २२ मीटर आहे. या तीन चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर त्यांची नुसती बेरीज करायची नसते; वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे असते. ६२५, २२५ आणि ४८४ यांची बेरीज १३३४ होते आणि तिचे वर्गमूळ सुमारे ३६.५ येते, म्हणजे विहिरीची जागा साधारण ३५ ते ४० मीटरपर्यंतच भरवशाची आहे. यांतील प्रत्येक चूक निराळ्या प्रकारे ठरवलेली असल्याने हा ढोबळ अंदाज आहे आणि नोंदीतही तो ढोबळ म्हणूनच लिहावा.

अंदाजाची परीक्षा जमिनीवर घेता येते. भूसंदर्भनात न वापरलेली, नकाशा आणि जमीन दोन्हींवर स्पष्ट ओळखता येणारी ठिकाणे, जसे जुने देऊळ, रस्त्यांचा छेद किंवा पुलाचे टोक, किमान वीस निवडून त्यांचे जीपीएसने मोजमाप करावे. अमेरिकेच्या १९९८ च्या स्थाननिश्चिती मानकात विसाचा हा किमान आकडा दिलेला आहे. समजा त्या वीस ठिकाणी सरासरी वर्गमूळ आडवी चूक ३४ मीटर आली. तेच मानक सांगते की पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण चुका साधारण सारख्या असतील तर या आकड्याला १.७३०८ ने गुणावे; येथे गुणाकार सुमारे ५९ येतो, आणि शंभरातल्या पंचाण्णव बिंदूंची चूक ५९ मीटरच्या आत राहील असे म्हणता येते. नोंदीत दोन्ही आकडे, तपासबिंदूंची संख्या आणि मोजमापाचे साधन यावे. तपासणी झालीच नसेल तर ‘जमिनीवर तपासलेले नाही’ असे स्पष्ट लिहिणे हे रकाना कोरा ठेवण्यापेक्षा किंवा संगणकाने दिलेला आकडा उतरवण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. याच कारणाने निर्देशांकांत सात दशांश स्थळे ठेवू नयेत, कारण अंशाचे सातवे दशांश स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे एक सेंटिमीटर. चाळीस मीटरच्या अंदाजाला सेंटिमीटरचे रूप दिले की पाहणाऱ्याची फसवणूक होते, मग लिहिणाऱ्याचा तसा हेतू असो वा नसो.

वापराच्या मर्यादा दोन जातींच्या असतात आणि त्या एका परिच्छेदात मिसळू नयेत. पहिली जात हक्कांची आहे. भारतात शासकीय कृतीवरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे सत्तरीच्या उत्तरार्धात छापलेल्या पत्रावरून केलेला थर मुक्तपणे वाटता येईल असे गृहीत धरता येत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना भूस्थानिक माहिती तयार करण्याची मोकळीक दिली, परंतु दुसऱ्याच्या कृतीवरचा हक्क त्या सूचनांमुळे संपत नाही. म्हणून थर कोणत्या अटींवर मिळालेल्या स्रोतावरून केला, पुढे देताना श्रेय कोणाचे द्यायचे आणि पुन्हा वाटण्याची मुभा आहे की नाही, हे लिहावे. विहिरींच्या मालकांची नावे गोळा झाली असतील तर ती वाटपाच्या प्रतीत ठेवू नयेत आणि काढली असल्याचे नमूद करावे.

दुसरी जात योग्यतेची आहे, आणि ‘फक्त संदर्भासाठी’ या सरधोपट वाक्याने तिची सर्वाधिक हानी केली आहे, कारण त्यातून कोणताही विशिष्ट वापर नाकारला जात नाही. मर्यादा वर काढलेल्या आकड्यांमधून निघाली पाहिजे. चूक ५९ मीटरपर्यंत असू शकते म्हणून हा थर १:५०,००० पेक्षा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ठेवू नये. विहीर कोणत्या गट क्रमांकात आहे हे त्यावरून ठरवू नये, कारण ते काम भूमी अभिलेखाच्या मोजणीचे आहे. ५०० मीटरच्या मर्यादेचा निर्णय केवळ याच थरावर घेऊ नये, आणि मर्यादेच्या दोन्ही बाजूंना साठ मीटरच्या पट्ट्यात येणाऱ्या विहिरी जागेवर जाऊनच मोजाव्यात. पाहणी सत्तरीच्या आरंभीची असल्यामुळे आज विहिरीत पाणी आहे की नाही याविषयी थर मौन आहे. उलट तालुक्यातील विहिरींची त्या काळची घनता, ओढ्यांपासूनची त्यांची साधारण अंतरे किंवा धरणामुळे बुडालेल्या सिंचनाचा अभ्यास यांसाठी तो पुरेसा आहे, आणि योग्य वापरही तितक्याच स्पष्टपणे लिहिला पाहिजे, नाहीतर धास्तीपोटी चांगला थर पडून राहतो.

नोंद कोणत्या स्वरूपात साठवायची हा प्रश्न यांपुढे लहान आहे. शेपफाइलमध्ये निर्देशांक पद्धती `.prj` या वेगळ्या फाइलमध्ये असते आणि ईमेलने पाठवताना तीच मागे राहते. जिओपॅकेज या स्वरूपात थर, पद्धती आणि मेटाडेटा एकाच फाइलमध्ये राहू शकतात, म्हणून शक्य तेथे ते वापरावे. लिहिण्याची वेळ मात्र महत्त्वाची आहे. नकाशाचा समास समोर असताना स्रोत आणि पाहणीचे वर्ष, रूपांतर करताना वापरलेली आज्ञा आणि तपासणी झाली त्याच दिवशी तिचे आकडे, अशी नोंद कामासोबत वाढत गेली पाहिजे. थर पूर्ण झाल्यावर आठवणीने लिहिलेल्या नोंदीत डेटमच्या रकान्यात डब्ल्यूजीएस ८४ हेच नाव येते, कारण पडद्यावर त्या वेळी तेच दिसत असते. पुढे कोणी काही बिंदू दुरुस्त केले, तर जुनी नोंद पुसून नवी लिहू नये. कोणते बिंदू, कोणत्या आधारावर आणि केव्हा बदलले हे वंशावळीच्या शेवटी जोडावे आणि दुरुस्त बिंदूंची अचूकता निराळी लिहावी, कारण जीपीएसने नव्याने मोजलेल्या विहिरीवर कागदावरच्या अर्ध्या मिलिमीटरचे बंधन उरत नाही.